आयसी गेली म्हणे!

डोकं फिरवलंय या डाव्या स्पीकरने. गाणं रंगात येतं, तबल्याची एक थाप जोरात पडते आणि हा गप्प! अँपला चापट मारली की पुन्हा सुरू. घरातलं शेंबडं पोरसुद्धा आता येता-जाता चापट मारतं.

दुरुस्तीवाल्याने झाकण न उघडताच निकाल दिला, "अँपमधली आउटपुट आयसी, म्हणजे स्पीकरला आवाज पुरवणारी चिप, गेली. ठेवून जा." अरे बाबा, आधी अँप बंद करून मागच्या डाव्या-उजव्या वायरींची अदलाबदल तरी करून बघ! अँपमध्ये दोष असता तर आता उजवा बॉक्स गप्प बसला असता. पण बसला डावाच. म्हणजे भानगड वायरीत किंवा बॉक्समध्ये. एवढं कळायला दुकान लागतं?

बॉक्समागची स्प्रिंगची क्लिप दाबली तर वायर आपसूक हातात आली. क्लिप तांब्याला धरतच नव्हती, धरत होती वरच्या प्लास्टिकला! जे काही तांबं आत शिरलं होतं तेही काळं पडलेलं, वर हिरवा कळंक. आम्ही राहतो खाडीकाठी, दुसरं काय होणार? आणि लोक काय करतात, तेच काळं टोक पिळून पुन्हा खुपसतात. दोन दिवस वाजतं, मग परत खरखर. तो थर काढल्याशिवाय काही उपयोग नाही.

टोक कापलं तर आतही काळंच. प्लास्टिकखालून हा कळंक वर सरकत जातो, त्यामुळे चकचकीत तार दिसेपर्यंत कापत राहावं लागतं. वीतभर वायर गेली! तरी बरं, जास्तीची गुंडाळून ठेवली होती. त्यात कापलेल्या टोकाशी तार आतून पांढरी. तांब्याचं नुसतं पाणी चढवलेलं अॅल्युमिनियम! दुकानदाराने तोंड वर करून "प्युअर कॉपर" सांगितलं होतं. ही तार सोलताना जरा पातं लागलं की तुटते, मग चार तारांवर कसला आलाय जोर?

सोलायचं साधारण एक सेंटिमीटर. तारांना घट्ट पीळ द्यायचा, क्लिपचं भोकही घासून घ्यायचं आणि वायर अशी बसवायची की क्लिप तांब्यालाच चावेल. ओढून बघा, हलता कामा नये. तारेचा एकही केस बाहेर नको, शेजारच्या टोकाला टेकला तर अँप प्रोटेक्शनमध्ये जाईल, म्हणजे स्वतःला वाचवायला आवाज बंद करेल, नाहीतर खरंच आयसी उडेल. लाल-काळं उलटं झालं तर बास पातळ होतो, ती वेगळी कटकट. टोकाला शिसं लावायचा सल्ला देणारेही भेटतात. क्लिपऐवजी स्क्रू असला तर त्याखाली ते शिसं हळूहळू दबतं आणि वायर पुन्हा ढिली!

आणि हे सगळं अँपकडच्या टोकालाही करायचं. तिथे हात घालायचा तर आधी अख्खं टीव्हीचं कपाट ओढा!