पट्टीवर 'गिझर' लिहिलंय, तो गिझर नाही

सोबतचा फोटो झूम करून बघा. आमच्या भाड्याच्या फ्लॅटमधला डीबी, म्हणजे विजेच्या खटक्यांची पेटी, दाराच्या मागे. चौथ्या खटक्यावर बॉलपेनने ठळक 'गिझर' लिहिलंय. आज दुपारी वायरमनदादा गिझरची कॉइल बदलायला आले. त्यांनी तो खटका पाडला, टेस्टर लावला, तर टेस्टर पेटलेलाच! त्यांनी टेस्टर लावला नसता तर? मालकांना फोन केला. म्हणे, "आधीच्या भाडेकरूने लिहिलंय, चालतं हो."

चालतं?

डावीकडचा रुंद खटका मेन. शेजारी 'टी' बटण असलेला आरसीसीबी. आत गेलेला आणि परत आलेला करंट यात साधारण ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की तो पडतो. माणसाला वाचवतो तो हा. पुढचे बारके एमसीबी वायर जळू नये म्हणून असतात. शॉक बसला तरी ते ढिम्म हलत नाहीत. म्हणून तर पट्टीवरचं नाव खरं हवं.

त्या 'गिझर'वर छापलंय सी १०. दहाचा खटका सहसा दिव्या-पंख्यांचा. दोन किलोवॅटचा गिझर नऊएक अँपिअर ओढतो, त्याला १६ किंवा २० चा देतात. दादांनी शोधलं तेव्हा गिझर निघाला 'बेड २ एसी'वर, आणि 'गिझर'वर बाथरूमचा दिवा आणि पॅसेज. कुणीतरी खटका पाडला, बाथरूममध्ये अंधार झाला आणि लिहून टाकलं 'गिझर'!

मान्य, ११ महिन्यांनी भाडेकरू बदलतो, मालक किती वेळा लिहिणार. पण भिंतीतलं वायरिंग बदलतं का दर ११ महिन्यांनी?

संध्याकाळी आम्ही दोघांनी सगळं नव्याने तपासलं. दिवे, पंखे, गिझर, एसी चालू ठेवले, प्रत्येक सॉकेटला आळीपाळीने नाइट लॅम्प लावला. एकाने एकच खटका पाडायचा, दुसऱ्याने घरभर फिरून काय काय बंद पडलं ते ओरडून सांगायचं. इन्व्हर्टर आधी बंद करा हं, नाहीतर खटका पाडूनही त्यावरचे दिवे लागलेलेच राहतात आणि सगळा हिशोब चुकतो.

एक पट्टी मात्र मी काढली नाही. शेवटून दुसरी, बारीक, नीटस अक्षरात: 'फ्रिज. गावाला जाताना बंद करू नये.' तपासली, अगदी बरोबर निघाली. ज्या कुणी लिहिली त्यांचे मनापासून आभार. पुढच्या माणसाचा विचार केला होता त्यांनी.

आणि मालकलोकहो, अ‍ॅग्रीमेंटला पंखे किती, ट्यूबलाइट किती, चाव्या किती याची यादी जोडता ना? त्यातच डीबीचा तक्ताही जोडा, वायरमनकडून तपासून घेतलेला. भाडेकरूंनो, तो मिळाल्याशिवाय सही करू नका. आणि तक्ता हातात असला तरी खटका पाडल्यावर आधी चालू सॉकेटमध्ये टेस्टर पेटतोय का बघा, मग कामाच्या जागी लावा.