तीस टक्के हाइकमागचा हिशेब

“प्रमोशनची वाट बघत बसू नका, दर दोन वर्षांनी कंपनी बदला, पगार तीस टक्के वाढतोच.”

बदलल्यावर उडी मोठी मिळते, हे खरं. आतली वाढ चालू पगारावर टक्क्यांनी ठरते, बाहेरची ऑफर त्या पदाच्या बाजारभावाने. पण तीस टक्के कशावर, ते ऑफर लेटरच्या शेवटच्या पानावरचा तक्ता सांगतो.

समजा, हिंजवडीत सीटीसी ८ लाख, त्यात व्हेरिएबल ४० हजार. म्हणजे पक्के ७.६० लाख. खराडीची ऑफर १०.४० लाख. त्यात जॉइनिंग बोनस १ लाख, व्हेरिएबल १.२० लाख. पक्के उरले ८.२० लाख, म्हणजे वाढ जेमतेम आठ टक्के! आहे तिथेच प्रमोशनवर पक्क्या पगारात बारा टक्के मिळाले, तर ८.५१ लाख होतात.

जॉइनिंग बोनस दुसऱ्या वर्षी नसतो, आणि वर्षाच्या आत सोडलं तर बहुधा परत मागतात. सीटीसीत बेसिकच्या ४.८१ टक्के ग्रॅच्युइटीही धरलेली असते. कायम नोकरी पाच वर्षांआधी सोडली, की ती सहसा हातात पडत नाही.

एचआरकडून पक्क्या पगाराचा आकडा लेखी घ्या. तोही तीस टक्क्यांनी वाढत असेल, तर खुशाल बदला.