खांब एक, भाव अनेक

जर्मनीत गाडी चार्ज करायला अक्कल लागत नाही, ती सगळी ॲप वाचताना खर्च होते. नकाशावर हिरवा ठिपका दिसला की आपण धावतो. हिरवा म्हणजे खांब रिकामा आहे, बस. तो स्वस्त किंवा जलद आहे असा शब्द कुणी दिलेला नाही.

आधी जोडणी बघावी. `Typ 2, 22 kW` वाचून जीव सुखावतो, पण ही एसी वीज. तिची डीसी करतो गाडीतलाच चार्जर आणि पुष्कळ गाड्यांत तो ११ किलोवॅटचा असतो. वरचे ११ किलोवॅट खांब स्वतःकडेच ठेवतो. शिवाय तिथे बहुधा नुसतं सॉकेट असतं. केबल डिकीत नसेल तर खांबाकडे बघत उभं राहायचं. `CCS` म्हणजे डीसी. तिथे जाडजूड केबल खांबालाच लटकलेली असते. वेग जास्त, भावही बहुधा जास्त.

मग भाव. ठळक दिसणारा आकडा पुष्कळदा दरमहा वर्गणी भरणाऱ्यांचा असतो. आपला खाली बारीक अक्षरांत. त्यात खांब एकाचा, ॲप दुसऱ्याचं. त्यामुळे एकाच खांबावर दोन ॲप दोन भाव सांगतात आणि दोन्ही खरे असतात. म्हणून ठिपक्यावर नाही, त्या खांबाच्या पानावर जाऊन आपल्या टॅरिफचा भाव वाचावा.

पण माझ्या मते खरी मेख सगळ्यात खाली असते:

```
0,59 €/kWh
Blockiergebühr ab 240 Min.: 0,10 €/Min., max. 12 €
```

Blockiergebühr म्हणजे खांब अडवल्याचा दंड. गाडी भरल्यावर अडवून ठेवली तरच तो बसतो, असं कुणालाही वाटेल. पण हे २४० मिनिटांचं घड्याळ केबल लावल्यापासून चालतं. गाडी अजून इमानेइतबारे वीज पीत असली तरी त्याला दयामाया नाही.

समजा ६० किलोवॅट-तासांची बॅटरी २० टक्क्यांवर आहे. ती भरायला ४८ युनिट हवेत. वाटेतली गळती धरून मीटरवर साधारण ५३ पडतात. ११ किलोवॅटने झाले पावणेपाच तासांच्या वर. जेवण आटोपून पाच तासांनी आलात, तर विजेचे ३१.२७ युरो आणि वरच्या साठ मिनिटांचे ६. बॅटरीतलं युनिट पडलं जवळपास ७८ सेंटला, ५९ ला नाही. चार तासांनीच काढली असती तर गाडी ८६ टक्क्यांच्या आसपास भरली असती आणि दंड शून्य.

काही ॲप रात्री हा दंड माफ करतात, काही करत नाहीत. ते त्याच पानावर लिहिलेलं असतं, झोपण्याआधी वाचावं. आणि 'चार्जिंग पूर्ण' असा निरोप आला म्हणून निवांत होऊ नये. केबल काढेपर्यंत घड्याळ चालूच असतं, म्हणून फोनवर साडेतीन तासांचा गजर स्वतःच लावावा.