स्थगिती नेमकी कशाला मिळाली?

«डॉक्टरांनो, केंद्राने 2023 मध्ये नवे नियम स्थगित केले आहेत, त्यामुळे दर पाच वर्षांचे नूतनीकरण आणि ते क्रेडिट तास आता बंद. नोंदणी आयुष्यात एकदाच करायची असते. बाकी सगळी मेडिकल कौन्सिलची कमाई. एका राज्यात नाव असले की देशात कुठेही बसा. सर्व डॉक्टरांना पाठवा.»

हा मजकूर माझ्या भाच्याने मला पाठवला आणि खाली विचारले, "मामा, मग अर्ज करू की राहू दे?" तो गोवा मेडिकल कॉलेजातून शिकलेला आहे, फोंड्याजवळ त्याचे स्वतःचे क्लिनिक आहे आणि त्याच्या नोंदणीची मुदत चार महिन्यांनी संपते. चांगल्या शिकलेल्या मुलाला असा प्रश्न पडतो, म्हणून हे सविस्तर लिहावे लागत आहे.

पहिले वाक्य सर्वांत घातक आहे, कारण त्यात थोडे खरे मिसळलेले आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2023 मध्ये दोन वेगवेगळ्या नियमावल्या काढल्या. 10 मेची नियमावली नोंदणी आणि व्यवसायाच्या परवान्याविषयी आहे. तिच्यात परवान्याची मुदत पाच वर्षे ठरवली असून, ती संपण्याच्या तीन महिने आधी नूतनीकरणासाठी अर्ज करण्याची तरतूद आहे. 2 ऑगस्टची नियमावली डॉक्टरांच्या व्यावसायिक वर्तनाविषयी होती. औषधे जेनेरिक नावानेच लिहिण्याच्या सक्तीवरून तिच्यावर देशभर ओरड झाली आणि 23 ऑगस्टला आयोगाने ती स्थगित ठेवली. म्हणजे स्थगिती दुसरीला मिळाली, पहिलीला नव्हे. त्याहून गमतीची गोष्ट अशी की, पोकळी राहू नये म्हणून त्याच अधिसूचनेने 2002 ची जुनी आचारनियमावली पुन्हा लागू केली आणि त्या जुन्या नियमावलीत डॉक्टरने दर पाच वर्षांत किमान 30 तासांच्या निरंतर वैद्यकीय शिक्षणात भाग घ्यावा, असे स्पष्ट लिहिले आहे. संदेश लिहिणाऱ्याने ज्या स्थगितीचा आधार घेतला, तिनेच क्रेडिट तासांचा नियम परत आणला! मूळ अधिसूचना दोन परिच्छेदांपलीकडे वाचली असती, तरी हे कळले असते.

'आयुष्यात एकदाच' या दाव्यातले अर्धसत्य मी नाइलाजाने मान्य करतो. पदवी कोणी काढून घेत नाही, आणि काही राज्यांत पूर्वी नोंदणी एकदा झाली की पुन्हा विचारणा होत नसे, हेही खरे आहे. गोव्यात मात्र नूतनीकरण पाच वर्षांचेच आहे. मुदत हुकली म्हणून डॉक्टर एका रात्रीत बोगस ठरत नाही. पण राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा, 2019 याचे कलम 34 एकदा शांतपणे वाचावे. राज्याच्या किंवा राष्ट्रीय नोंदवहीत नाव असलेल्यालाच वैद्यकीय व्यवसाय करता येतो, आरोग्याचे किंवा फिटनेसचे प्रमाणपत्र सहीनिशी देता येते आणि न्यायालयात वैद्यकीय तज्ज्ञ म्हणून साक्ष देता येते; उल्लंघनाला एक वर्षापर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ट्रकचालकाला दिलेल्या फिटनेस दाखल्यावरून उद्या वाद झाला, तर समोरचा वकील नोंदणी क्रमांकापाठोपाठ मुदतीची तारीखच विचारणार. त्या वेळी हा व्हॉट्सॲप संदेश दाखवायचा काय?

कमाईच्या आरोपावर मी फार बोलणार नाही. शुल्क घेतले जाते, आणि सही करून जेवणापर्यंतच थांबणारे महाभागही प्रत्येक कॉन्फरन्सला असतात. त्याने नियम रद्द होत नाही. राहिले 'देशात कुठेही बसा'. दोडामार्ग किंवा सावंतवाडीला नियमित बसायचे, तर महाराष्ट्राच्या कौन्सिलकडे वेगळा अर्ज करावा लागतो आणि गोव्याच्या कौन्सिलचे ना हरकत पत्रही मागितले जाते. सीमेवरच्या आपल्या डॉक्टरांना हे नवे नाही.

भाच्याला फाईल घेऊन घरी बोलावले. त्याच्या हिशेबाने 34 तास होत होते, म्हणून तो निर्धास्त होता. एकेक प्रमाणपत्र टेबलावर मांडले, तेव्हा दोन दिवसांच्या एका कॉन्फरन्सचे आठ तासांचे प्रमाणपत्र निघाले: जाड कागद, सोनेरी काठ, तीन सह्या, पण कौन्सिलने दिलेल्या क्रेडिटचा उल्लेख कुठेच नाही. आयोजकांनी मान्यताच घेतली नव्हती. अशा कागदाची किंमत नूतनीकरणात शून्य. राहिले 26, म्हणजे चार तास कमी. मुदत संपण्याच्या आदल्या आठवड्यात हे कळले असते, तर मान्यता असलेला कार्यक्रम शोधत त्याला धावावे लागले असते. आता हातात चार महिने आहेत. पुढच्या रविवारी मडगावला एक सत्र आहे. नाव देण्याआधी त्याने आयोजकांना फोन करून क्रेडिट किती आणि कोणी मंजूर केले, एवढेच विचारले.