मी टाकले नाहीत, टाकीने टाकले

काल इमारतीच्या ग्रुपवर मला जाहीर माफी मागायला सांगण्यात आलं. आरोप असा की मी रात्रभर ग्रुपवर आकडे टाकत होतो. मी टाकले नव्हते. टाकीने टाकले होते.

सेक्रेटरींच्या भाच्याने गच्चीवरच्या टाकीच्या झाकणाला आतून एक सेन्सर लावलाय. तो पाण्यावर कानाला न ऐकू येणारा आवाज सोडतो आणि प्रतिध्वनी किती वेळाने आला त्यावरून पातळी काढतो. तीस टक्क्यांखाली गेली की ग्रुपवर निरोप, एवढंच ठरलं होतं. प्रत्यक्षात रात्री दहा ते सकाळी सहा हे चाललं होतं:

```
02:14:07 T1 level=29.8 LOW
02:15:07 T1 level=30.1 OK
02:16:08 T1 level=29.7 LOW
02:17:08 T1 level=30.2 OK
```

एकूण ४७६ ओळी. मोजल्या मी. माणूस चिडला की मोजतो.

तळमजल्यावरच्या काकांनी मात्र सकाळी सहालाच निकाल लावला होता. "टी-वन" या नावाला फोटो नाही, म्हणजे कुणीतरी तोंड लपवतंय. आणि इमारतीत कॉम्प्युटरवालं काम करणारा मी एकटा. जिन्यातच गाठलं त्यांनी.

"रात्री अडीचला काय लो आणि ओके? मन स्थिर नाही का तुझं?"

म्हटलं, काका, ते यंत्र आहे. दर मिनिटाला येतंय बघा. माणसाला हे जमेल का?

"का नाही जमणार? तीस वर्षं मी सहाच्या ठोक्याला सुप्रभात म्हणतोय."

(तीस वर्षांपूर्वी ते कुणाला म्हणत असतील, देव जाणे.) मी त्यांचेच निरोप उघडून दाखवले: ५:५७, ६:०२, ६:११, एकदा पावणेसात. माणूस वक्तशीर असला तरी असा मागेपुढे होतोच. मग मी सेकंदांवर बोट ठेवलं: सात, सात, आठ, आठ. तर काकांचे डोळे लकाकले. "हे बघ! हळूहळू उशीर होतोय. झोप आली होती तुला!"

आता यांना कसं सांगायचं? प्रोग्राम साठ सेकंद थांबतो, मग मोजतो, पाठवतो. त्या कामात अर्धा सेकंद जातो आणि तो पुढे साठत राहतो. रात्रभरात चार मिनिटं. पण दर फेरीला नेमका तेवढाच. झोप आलेला माणूस इतक्या शिस्तीत पेंगत नाही.

आणि माणसाच्या चुका काय आम्ही ओळखत नाही? खिशातल्या फोनने पाठवलेलं "ग्ग्ग्ह्ह्क" एकदाच येतं. बायकोसाठी लिहिलेलं "गॅस बंद केलास का" ग्रुपवर येतं, नंतर "हा निरोप काढून टाकला आहे" अशी लाजरी ओळ उरते. एकच सुप्रभात तीनदा आलं तर तो सहसा नेटवर्कचा दोष, त्यात अक्षरही बदलत नाही. यंत्राचा साचा तोच, फक्त आकडा हलतो, आणि त्याला लाज नसते. माफी मी मागायची.

भाच्याला विचारलं तर म्हणाला, "पाणी हलतं ना दादा." हलणारच! पातळी तिशीच्या रेषेवर आली की नुसत्या लाटेने खाली-वर होते. म्हणून तर दोन रेषा ठेवायच्या असतात: तीसच्या खाली गेली की "लो", पण पस्तीसच्या वर गेल्याशिवाय "ओके" नाही. मधे काही झालं तरी गप्प. पाच वेळा मोजून मधला आकडा धरायचा, आणि स्थिती बदलली तरच बोलायचं. चार ओळींचं काम. तो म्हणाला, रविवारी बघतो, तोवर ग्रुप म्यूट करा.

सगळ्यांनी केला. मीही. हीच तर खरी चीड आहे! निरोप पोचवायला लावलेल्या यंत्राने पहिल्याच रात्री अख्ख्या इमारतीला त्याचे निरोप न वाचायला शिकवलं.

आज सकाळी नळ फुसफुसला आणि बंद पडला. साबणाच्या हातांनी ग्रुप उघडला. पहाटे पाचपासून ओळी उतरत होत्या, तशाच, त्याच सुरात, वीस, अकरा, शेवटी `level=4.0 LOW`. कुणीच वाचल्या नव्हत्या.

बादली घेऊन खाली गेलो. काकांच्या दारात सहा बादल्या, दोन पिंपं, एक टब, सगळं काठोकाठ. त्यांनी ग्रुप म्यूट केला नव्हता. मला रंगेहाथ पकडायला रात्रभर जागत होते.

"काका, सांगायचं तरी सगळ्यांना!"

"मी कशाला सांगू?" ते म्हणाले. "तू लिहीतच होतास की."