पायऱ्यांची सावली खाणारा ०.००५

«शॅडो मॅपमध्ये काळे पट्टे दिसले की बायस 0.005 टाका, सगळीकडे चालतो. सावली वस्तूपासून सुटली तर शॅडो पासमध्ये फ्रंट फेस कल करा. तरी पट्टे राहिले तर मॅप 4096 करा. उरलंसुरलं पीसीएफ झाकून टाकतं.»

हा मेसेज गेल्या महिन्यात मला तीन जणांनी पाठवला. तिसरा माझा मित्र, कॉलेज रोडला फ्लॅटमध्ये बसून गंगेवरच्या घाटाचा वॉकथ्रू करतोय. मेसेजमधलं पहिलं वाक्य तंतोतंत पाळून त्याने सीन दाखवायला बोलावलं. पट्टे एकही नव्हते. पण सकाळचं ऊन पायऱ्यांच्या मागून येत असूनही एकाही पायरीची सावली खालच्या पायरीवर पडत नव्हती. पायऱ्यांचे उभे भाग काळे आणि आडवे भाग लख्ख, जणू कुणी पट्टी धरून रंगवलेत.

शॅडो मॅप म्हणजे दिव्याच्या जागेवरून दिसणारी खोली साठवलेलं चित्र, आणि ते भरायची फेरी म्हणजे शॅडो पास. बिंदूची खोली तिथल्या नोंदीपेक्षा जास्त निघाली की तो सावलीत; बायस म्हणजे या तुलनेत दिलेली सूट. आधी ०.००५ बघू, कारण सगळा घोळ तिथेच आहे. या आकड्याला एककच नाही. सूर्यासारख्या दिव्याला ऑर्थोग्राफिक प्रोजेक्शन असतं आणि त्यात खोलीचा ० ते १ हा पट्टा म्हणजे निअर ते फार, दिव्यापासूनच्या जवळच्या हद्दीपासून लांबच्या हद्दीपर्यंतचं अंतर. मित्राच्या सीनमध्ये ते १०० मीटर होतं, म्हणजे ०.००५ म्हणजे अर्धा मीटर. फार ४०० मीटरवर नेलं असतं तर त्याच आकड्याचे दोन मीटर झाले असते. स्पॉट लाइटला तर खोली सरळ रेषेत वाढत नाही, त्यामुळे तिथे तोच आकडा जवळ काही मिलिमीटर आणि लांब काही मीटर होऊ शकतो.

आता पायरी बघा. मॉडेलमध्ये पायरी २० सेंटिमीटर उंच आणि ७५ सेंटिमीटर रुंद, सूर्य क्षितिजापासून ३० अंशांवर. सावली खालच्या पायरीवर साधारण ३५ सेंटिमीटरपर्यंत यायला हवी. या सावलीतल्या कुठल्याही बिंदूपासून सूर्याकडे निघालात तर वरच्या पायरीचा माथा बरोबर ४० सेंटिमीटरवर लागतो (२० भागिले साइन ३०), आणि मॅपमध्ये नोंदलेली खोली त्या माथ्याचीच असते. बायस ५० सेंटिमीटर आणि अडथळा ४० सेंटिमीटरवर, म्हणजे सावली नुसती सुटत नाही, अख्खी गायब होते. उभे भाग काळे राहिले ते शॅडो मॅपमुळे नाही. त्यांची पाठच सूर्याकडे आहे, एवढंच. घाटावरच्या पातळ पत्र्याच्या फळीला सावली होती, पण बुडापासून ४३ सेंटिमीटर लांब. पीटर-पॅनिंग म्हणतात ते हेच.

मग हवा होता किती? पट्टे येतात कुठून ते पाहिलं की उत्तर निघतं. मॅपचा एक टेक्सेल, म्हणजे त्यातला एक चौकोन, जमिनीचा छोटा तुकडा झाकतो, पण खोली एकच साठवतो, मध्यबिंदूची. जमीन दिव्याकडे तिरकी असेल तर त्या तुकड्याची एक कड नोंदलेल्या खोलीपेक्षा दिव्याला जवळ असते आणि दुसरी लांब. लांबची कड स्वतःच्याच सावलीत जाते, म्हणून एक पट्टा उजेडाचा, एक अंधाराचा. चूक जास्तीत जास्त अर्धा टेक्सेल गुणिले टॅन थीटा, थीटा म्हणजे नॉर्मल, अर्थात पृष्ठभागाला काटकोनात असलेली दिशा, आणि दिव्याची दिशा यांतला कोन. मित्राचा मॅप २०४८चा, झाकलेला चौक ४० मीटरचा, म्हणजे टेक्सेल सुमारे २ सेंटिमीटर. आडव्या पायरीवर कोन ६० अंश, टॅन १.७३. चूक १.७ सेंटिमीटर, आणि आपण टाकले ५०!

«डेप्थ बफर १६ बिटचा आहे म्हणून पट्टे» हेही या मेसेजला कुणीतरी जोडतंच. १०० मीटरचे ६५,५३६ भाग केले तर एक भाग दीड मिलिमीटरचा. इथला दोष त्याच्या दहापट मोठा आहे, तेव्हा बिटांना बोल लावू नका.

पीसीएफचा मुद्दा क्रम मोडून इथेच घेतो, कारण तो आकडा बदलतो. पीसीएफ सावलीची कड मऊ करायला आसपासच्या टेक्सेलांच्या निकालांची सरासरी काढतं. ३×३ पीसीएफ शेजारचे टेक्सेलही वाचतं, म्हणजे अर्ध्याऐवजी दीड टेक्सेल लांबची खोली तुमच्या बिंदूशी ताडली जाते. चूक १.७ वरून ५ सेंटिमीटरवर जाते. पीसीएफ पट्टे झाकत नाही, त्यांचा राखाडी थर करतं, आणि तो फसवा असतो, कारण नुसता प्रकाश कमी वाटतो. ओळखायची रीत सोपी आहे: सावली बंद करून तीच फ्रेम काढा आणि उघड्या उन्हातला एक पिक्सेल दोन्हींत ताडून पाहा. सावली चालू केल्यावर तो काळवंडला तर बायस कमी पडतोय.

फ्रंट फेस कलिंग, म्हणजे दिव्याकडे तोंड असलेले त्रिकोण शॅडो पासमध्ये वगळणं, जाड, बंद वस्तूंना खरंच चालतं, ते नाकारत नाही. चूक जाते मागच्या बाजूला, आणि तिथे ऊन पोचतच नसतं. पण घाटावर पताका आहेत, पत्र्याची फळी आहे, झाडाची पानं आहेत. ही सगळी एकपदरी मॉडेलं. मित्राने ते करून पाहिलं, तर सूर्याकडे तोंड असलेली प्रत्येक पताका शॅडो पासमधून उडाली आणि तिची सावलीही गेली. दुसरं, जमिनीवर टेकलेल्या खांबाचा तळ आणि जमीन एकाच पातळीत येतात, त्यामुळे बुडाशी उजेडाची बारीक रेघ फुटते. म्हणजे एक फट बुजवायला दुसरी पाडली.

४०९६ने टेक्सेल अर्धा होतो आणि चूकही अर्धी. पट्टे बारीक होतात, जात नाहीत. ३२ बिट खोलीला १६ एमबीचे ६४ एमबी होतात. पत्र्याच्या फळीची ४३ सेंटिमीटरची फट जागची हलत नाही, कारण ती बायसची आहे. तोच फायदा ४० मीटरचा चौक २० मीटरवर आणून फुकट मिळतो.

आम्ही शेवटी बायस जवळजवळ काढलाच आणि सावली तपासायचा बिंदू नॉर्मलच्या दिशेने थोडा उचलला.

```glsl
float texel = 40.0 / 2048.0;              // मीटर
float ndl = clamp(dot(Ng, L), 0.0, 1.0);
vec3 P2 = P + Ng * (1.5 * texel * sqrt(1.0 - ndl * ndl));
float bias = 0.005 / (zFar - zNear);      // ५ मिलिमीटर
```

०.००५ पुन्हा आलाच, पण आता तो मीटरमध्ये आहे. टॅनने गुणलेला बायस तिरक्या पृष्ठभागावर अफाट वाढतो, साइनने उचललेला बिंदू दीड टेक्सेलच्या, म्हणजे ३ सेंटिमीटरच्या वर जात नाही. बिंदू वर सरकतो, अडथळ्याकडे नाही, म्हणून फळीच्या बुडाशी फट पडत नाही. `Ng` मात्र मॉडेलच्या त्रिकोणाचाच नॉर्मल हवा. मित्राने आधी नॉर्मल मॅपमधला दिला आणि दगडाच्या खडबडीवर ठिपके उठले. सूर्य मॅपच्या कर्णावर असेल तर १.५चे २ करा.

किंमत मोजावी लागतेच. पायरीची सावली आता ३५ऐवजी ३० सेंटिमीटरवर संपते, ते कुणाच्या लक्षात येत नाही. पण २ सेंटिमीटर उंचीची पणती आता सावलीच टाकत नाही, कारण तपासायचा बिंदू तिच्या वातीच्याही वर जातो. पणत्यांखाली मित्राने काळसर गोल टेक्सचर चिकटवलंय.