सही करा आणि मोकळे व्हा

राजीनामा मंजूर झाला, लॅपटॉप जमा केला, ओळखपत्राची दोरी गळ्यातून निघाली. आता एचआरच्या टेबलावर एक कागद तुमची वाट पाहतोय. कुठे त्याला 'नो ड्यूज' म्हणतात, कुठे 'फुल अँड फायनल', तर कुठे सरळ 'नो क्लेम डिक्लरेशन'. म्हणोत काहीही, तुम्ही तो वाचू नका. वाचणारा माणूस संशयी दिसतो, आणि तुमचं रिलिव्हिंग लेटर ज्यांच्या ड्रॉवरमध्ये आहे त्यांच्यासमोर संशयी दिसणं परवडत नाही.

तरी कुतूहल म्हणून नजर गेलीच, तर मजकूर साधारण असा असतो: 'मला पगार, रजेचे पैसे, बोनस, ग्रॅच्युइटी, भविष्य निर्वाह निधी, इन्सेंटिव्ह व इतर सर्व येणी पूर्णपणे मिळाली असून यापुढे माझा कंपनीवर कोणत्याही स्वरूपाचा, कोणत्याही कारणाने, आज वा भविष्यात दावा राहणार नाही. हे मी स्वखुशीने व कोणत्याही दबावाशिवाय लिहून देत आहे.' तुमची खुशी कंपनीने आधीच टाइप करून ठेवली आहे, तेवढाच तुमचा त्रास वाचला. तारखेची जागा मात्र कोरी असते. ती तशीच सोडा. पुढे केव्हा कोणती तारीख लागेल, हे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त कळतं.

आता एक उदाहरण घेऊ, म्हणजे उदारपणाची किंमतही कळेल. समजा तुमची नोकरी ७ वर्षं ८ महिन्यांची झाली. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून महिन्याला ३९,००० रुपये. कागदासोबत हिशेबपत्रक जोडलंय, त्यात तीनच ओळी आहेत: शेवटच्या महिन्याचा उरलेला पगार ४१,६०० रुपये, वीस दिवसांच्या रजेचे ३०,००० रुपये, आणि त्यातून करकपात ३,२०० रुपये. हाती ६८,४०० रुपये. पत्रकात तीन ओळी, पण डिक्लरेशनमध्ये अख्ख्या जगावरचा हक्क सोडायचा आहे. हा फरक दिसला तर डोळे मिटून घ्या.

कारण डोळे उघडे ठेवले तर हिशेब करावासा वाटेल. ग्रॅच्युइटी दर वर्षाला पंधरा दिवसांच्या पगाराइतकी असते, आणि महिना त्यासाठी २६ दिवसांचा धरतात. ३९,००० गुणिले १५ भागिले २६ म्हणजे वर्षाला २२,५०० रुपये. शेवटचा तुकडा सहा महिन्यांहून मोठा असल्यामुळे ७ वर्षं ८ महिने म्हणजे ८ वर्षं मोजली जातात. एकूण १,८०,००० रुपये. हे पत्रकात नाहीत. जानेवारी ते मार्च तिमाहीचा ४५,००० रुपयांचा इन्सेंटिव्हही नाही, कारण तो 'प्रोसेसमध्ये' आहे. दौऱ्याचं ६,२४० रुपयांचं बिल तर अजून मॅनेजरच्या मेलमध्येच पडलंय. म्हणजे ६८,४०० रुपये घेऊन २,३१,२४० रुपये 'पूर्णपणे मिळाले' असं तुम्ही लिहून देताय. इतकं मोठं मन कंपनीने कुठल्याही अप्रेझलमध्ये पाहिलं नसेल.

भविष्य निर्वाह निधीची गंमत तर आणखीच वेगळी. तो कंपनीच्या तिजोरीत नसतोच, बहुतेक वेळा तुमच्या यूएएन खात्यावर निधी संघटनेकडे असतो. जी रक्कम कंपनी देऊच शकत नाही, ती कंपनीकडून मिळाली अशी पावती तुम्ही देताय. पासबुक उघडून शिल्लक बघितलीत तर ती तिथेच दिसेल, म्हणून तेही उघडू नका.

मग कुणीतरी वकिली वळणाचा मित्र भेटतो. तो म्हणतो, 'अरे, घाबरू नकोस, ग्रॅच्युइटी अशी सोडता येतच नाही.' दुर्दैवाने तो खरं बोलतोय. ग्रॅच्युइटीच्या कायद्याशी विसंगत असलेला करार कायद्यापुढे टिकत नाही, आणि भविष्य निर्वाह निधीही असा एका सहीने बुडत नाही. म्हणजे मोठी रक्कम सहीनंतरही जिवंत राहते. फक्त ती मिळवायला संबंधित अधिकाऱ्याकडे अर्ज करा, तारखा घ्या, आणि प्रत्येक तारखेला समोरचा वकील तुमच्या सहीचा कागद फडकवणार, एवढंच.

खरी मजा उरलेल्या रकमेत आहे, आणि मित्राने नेमकं तेच सांगितलं नाही. इन्सेंटिव्ह, रिटेन्शनचे पैसे, नोटीस काळाचा मोबदला, बिलं, ही येणी बहुतेक वेळा करारातून आलेली असतात. करारातून आलेला हक्क आपण होऊन सोडता येतो. १८७२ च्या करार कायद्याचं ६३ वं कलम तशी मुभाच देतं. म्हणजे कायद्याने संरक्षण दिलेली रक्कम सहीनेही मरत नाही, आणि ज्या रकमेला संरक्षण नाही ती सहीसरशी गेली. हे लक्षात आलं की माणूस पेन खाली ठेवतो. त्यामुळे लक्षात आणूच नका.

आणि आता ते वाक्य, जे कुठल्याही परिस्थितीत लिहायचं नाही. ओळखता यावं, म्हणूनच देतोय:

'दि. … च्या सोबतच्या हिशेबपत्रकातील पगार व रजेचे रोखीकरण या बाबींपोटी रु. ६८,४००/- माझ्या खात्यात जमा झाल्याची ही पावती असून ती या बाबींपुरतीच आहे. ग्रॅच्युइटी, भविष्य निर्वाह निधी, जानेवारी ते मार्च तिमाहीचा इन्सेंटिव्ह व दौऱ्याचे बिल या रकमेत समाविष्ट नाहीत. त्यांवरील माझा हक्क कायम आहे.'

किती उद्धट वाक्य आहे बघा. एक तर त्यात रक्कम आणि बाबींची नावं आहेत, दुसरं म्हणजे 'कोणत्याही स्वरूपाचा' ही मायाळू शब्दरचना गायब आहे. काही अर्धवट शहाणे नुसतं 'सर्व हक्क राखून' असं खरडतात. तेवढं चालेल, कारण कोणते हक्क हे कुणालाच कळत नाही आणि पुढे अर्थ लावायला दोन्ही बाजूंना मोकळं रान मिळतं. पण नावानिशी यादी दिलीत की पळवाट बुजते. एक मर्यादा मात्र या वाक्यालाही आहे. एखाद्या वादात तुम्ही खरोखरच तडजोड केली असेल, नोटीस पगाराचे साठ हजार मागितले आणि चाळीसावर हात मिळवला असेल, तर उरलेल्या वीसांचा हक्क राखून ठेवता येत नाही. ते तुम्हीच सोडलेत. राखायचं ते, ज्याबद्दल बोलणंच झालं नाही किंवा ज्याचा हिशेब अजून व्हायचाय.

एवढं सांगूनही तुम्ही ते वाक्य पुढे केलंत, तर टेबलापलीकडून उत्तर येईल, 'सर, हे फॉरमॅट लीगलकडून आलंय, त्यात बदल होत नाही.' इथे ताबडतोब माघार घ्या. मूळ मजकुरातली नको ती ओळ आडव्या रेषेने खोडून शेजारी आद्याक्षरं करणं, किंवा सहीच्या वर हातानेच ती दोन-तीन ओळी लिहिणं, असले प्रकार करू नका. छापील कागदावर हाताने लिहिलेला मजकूर डोळ्यांत भरतो, आणि तो तुमचाच असल्याचंही उघड दिसतं. त्यातून सही करण्याआधी पानाचा मोबाइलवर फोटो काढलात तर मग काय, ते नातं संपलंच म्हणायचं.

काही कंपन्यांनी तर पेनचीही कटकट ठेवलेली नाही. पोर्टलवर एक चौकट, तिच्यात टिक केल्याशिवाय पुढचं बटण उजळत नाही. तिथे काही लिहायला जागाच नसते. अशा वेळी त्याच दिवशी एचआरला मेल करायची अवदसा अनेकांना आठवते: 'पोर्टलवर पर्याय नसल्याने टिक केली आहे, ती फक्त अमुक रकमेपुरती समजावी, पुढील बाबी बाकी आहेत.' मेल पाठवायचाच असेल तर दोन महिन्यांनी पाठवा. इन्सेंटिव्ह येत नाही अशी खात्री झाली, दोन आठवणीचे फोन झाले, की मग शांतपणे लिहा, 'मी दबावाखाली सही केली होती.'

उशिरा लिहिण्याचा फायदा काय, हे विमा कंपन्यांकडून शिकावं. तिथे या कागदाला डिस्चार्ज व्हाउचर म्हणतात. सर्व्हेअरने नुकसान कमी धरलं की कमी रकमेचं व्हाउचर येतं, त्यावर 'पूर्ण व अंतिम' छापलेलं असतं, आणि सही झाल्याशिवाय चेक हलत नाही. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने बोघारा पॉलिफॅबच्या प्रकरणात म्हटलं, की गरजेच्या कोंडीत पकडून, मान्य रक्कम सोडण्याची अट म्हणून घेतलेल्या अशा सहीमुळे दावा आपोआप संपत नाही. विमा नियामकानेही २०१५ साली परिपत्रक काढून कंपन्यांना बजावलं, की व्हाउचरवर सही केली म्हणून ग्राहकाचा जास्त भरपाई मागण्याचा मार्ग बंद होत नाही. इथपर्यंत वाचून हुरळून जायला हरकत नाही. पण २०१४ सालीच जीनस पॉवरच्या प्रकरणात त्याच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं, की जबरदस्ती झाली असं नुसतं म्हणून भागत नाही, तसं दाखवणारं काही हवं. तिथे सहीच्या वेळी विरोध नोंदवलेला नव्हता, तक्रार नंतर आली. तेव्हा तुम्ही पहिलं प्रकरण लक्षात ठेवा आणि दुसरं विसरा. त्याच दिवशीचा मेल, हाताने लिहिलेली ओळ, फोटो, असला पुरावा जमवायच्या भानगडीत पडू नका.

पैशांच्या आधी सही द्यायची की नंतर, हाही प्रश्न काही जण विचारतात. अर्थात आधी. पावतीत 'मिळाले' लिहायचं, खात्यात काही नसताना. 'जमा झाल्यावर ही पावती लागू होईल' अशी ओळ घालणारा माणूस व्यवहारी असतो, आणि व्यवहारी माणसाला निरोप समारंभात केक कमी मिळतो. रेव्हेन्यू स्टॅम्प तेवढा नीट चिकटवा. पाच हजारांवरच्या पावतीला एक रुपयाचा तो लागतो, आणि त्यावर आडवी सही अशी करा की ती उद्या कुणालाही तुमचीच वाटेल.

अगदीच चुळबुळ होत असेल आणि काहीतरी विचारायचंच असेल, तर शेवटी एवढं विचारून बघा: 'मॅडम, मी कंपनीवर दावा नाही म्हणून लिहून देतोय. मग कंपनीचंही माझ्याकडे काही येणं नाही, लॅपटॉप मिळाला, बॉण्डचे पैसे नकोत, नोटीस भरून निघाली, असं एक ओळीचं पत्र मला द्याल?'

मॅडम हसतील. 'सर, तसं कंपनी लिहून देत नाही. उद्या काही निघालं तर?'